भाताचे घड्याळ : शिकाऊ आचाऱ्यांसाठी एक पाठ

नाशिकच्या म्हसरूळजवळील गजपंथा असो वा सटाण्याकडील मांगीतुंगी, यात्रेकरूंच्या भोजनशाळेत आणि आपल्या घरच्या स्वामीवात्सल्यात शिळे अन्न वाढले जात नाही. रात्र उलटलेला भात वासी ठरतो आणि तो वर्ज्य असतो. ही शिस्त उत्तमच आहे. मात्र तिच्यात एक फट राहते. वासी हा नियम रात्र मोजतो, जंतू तास मोजतात. सकाळी आठला उतरवलेला भात दुपारी साडेअकराच्या पंगतीला वाढला, किंवा दुपारचा उरलेला भात चौविहाराआधी पाचच्या सुमारास फोडणीला टाकला, तर रीतीने तो ताजाच असतो. शिकाऊ आचाऱ्यांना स्वच्छतेचा जो पाठ द्यायचा, तो या मधल्या तासांचा असावा.

या तासांत काय घडते ते प्रथम सांगावे. कच्च्या तांदळावर मातीतून आलेल्या ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कठीण कवचात निजलेला जंतू. उकळत्या पाण्यातही त्यातील काही टिकतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. या विषाने साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन अनेकजण आजारी पडले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. तेथे भात आधी उकडून स्वयंपाकघरातच तसाच ठेवला जाई आणि मागणी येताच परतून दिला जाई. परतताना जंतू मेले तरी आधी तयार झालेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. त्याला वास नसतो, चव नसते. म्हणून ‘चांगला उकळून घेतला’ किंवा ‘वास घेऊन पाहिला’ ही दोन्ही उत्तरे येथे निरुपयोगी ठरतात.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतील अनुसूची ४ प्रमाणे गरम ठेवायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचे अन्न ५ अंशांच्या खाली राखावे लागते. मधला पट्टा धोक्याचा. शिजलेले अन्न त्या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहू नये, असे शिकवले जाते. हे आकडे फळ्यावर लिहून आचाऱ्याच्या हाताला वळण लागत नाही. त्यासाठी प्रात्यक्षिक हवे.

प्रात्यक्षिकाला दोन किलो तांदूळ, एक खोल पातेले, एक मोठी परात आणि सळईचा थर्मामीटर पुरतो. आधी थर्मामीटर तपासावा. अन्यत्र तो बर्फाच्या पाण्यात घालून शून्य अंश दाखवतो का ते पाहतात. ज्या भोजनशाळेत बर्फ वर्ज्य आहे, तेथे उकळते पाणी वापरावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा ९८ दाखवीत असेल तर तो बरोबर आहे, हे शिकाऊंना आधीच सांगावे.

भात शिजताच अर्धा पातेल्यात झाकून ठेवावा आणि अर्धा परातीत पाच सेंटिमीटरहून कमी जाडीचा पसरावा. मग प्रत्येकाला विचारावे, दीड तासाने पातेल्याच्या मध्यभागी किती अंश असतील? उत्तरे लिहून घ्यावीत. दर अर्ध्या तासाने सळई भाताच्या मध्यात, तळाला न टेकवता धरावी आणि एकदा कडेलाही धरावी. शिकाऊंनी पातेल्याला बाहेरून हात लावून पाहावा. हाताला कोमट वाटणारे पातेले आत बरेच गरम असते. बहुतेकांचा अंदाज येथे चुकतो आणि तो चुकलेला स्वतः पाहणे हाच या पाठाचा गाभा होय.

कारण साधे आहे. भाताच्या आतून उष्णता फार सावकाश बाहेर येते. थराची जाडी दुप्पट केली, तर निवण्याचा वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. निफाडकडील कडाक्याच्या थंडीत ‘रात्रभर बाहेर ठेवले की गार होईल’ असे आचारी म्हणतात. त्या थंडीत पातेल्याची कड निवते, मध्य मात्र पहाटेपर्यंत जंतूंना हवा तसा उबदार राहू शकतो. प्रात्यक्षिक दोन तासांत आटोपून तो भात लगेच वाढावा, म्हणजे अन्न वायाही जात नाही.

आता हा पाठ एका स्वामीवात्सल्याला लावून पाहू. चारशे पाने, माणशी ७५ ग्रॅम म्हणजे ३० किलो तांदूळ, पहिली पंगत साडेअकराला. जुन्या पद्धतीत सारा भात आठला उतरतो. शेवटची पंगत एकला बसली, तर तिच्या पानात पाच तासांचा भात पडतो. नव्या पद्धतीत दहा किलोचे तीन घाणे करावेत. पहिला अकराला, दुसरा पावणेबाराला, तिसरा साडेबाराला उतरेल असे पाहावे. कोणताही घाणा दोन तासांपलीकडे जात नाही. चूल एक जास्त वेळ जळते, पण शीतगृह लागत नाही, बर्फ लागत नाही. उरलेला भात फोडणीसाठी ठेवायचाच असेल, तर तो वाफेवर ६० अंशांच्या वर राखावा, नाहीतर दोन तासांच्या आत वाटून टाकावा.

प्रात्यक्षिक झाल्यावर निरीक्षणसूची येते. ही प्रश्नपत्रिका नव्हे. शिकाऊ काय सांगतो ते येथे विचारात घ्यायचे नाही, तो गर्दीच्या वेळी काय करतो ते पर्यवेक्षकाने लिहायचे. प्रत्येक ओळीपुढे ‘केले’, ‘केले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ असे तीन रकाने ठेवावेत.

१. घाणा उतरल्याची वेळ पातेल्यावर लिहिली.
२. थर्मामीटरची सळई वापरण्याआधी व नंतर धुऊन पुसली.
३. मोजणी मध्यभागी केली, तळाला सळई टेकवली नाही.
४. गरम ठेवलेला भात दर तासाला मोजला व ६० अंशांच्या वर राखला.
५. निववायचा भात परातीत पातळ पसरला, खोल पातेल्यात ठेवला नाही.
६. जुन्या घाण्याचा उरलेला भात नव्यात मिसळला नाही.
७. दोन तास उलटलेला भात फोडणीला न घेता बाजूला काढला.

सहावी ओळ सर्वांत जास्त चुकते. पातेल्यात दोन वाट्या उरलेल्या दिसल्या की हात आपोआप त्या नव्या भातावर उपडा करतो आणि सगळ्या घाण्याचे घड्याळ जुन्या भाताच्या वेळेवर जाते. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरावा. न पाहिलेल्या कामापुढे ‘केले’ लिहिले, तर सूची निव्वळ कागद होते. शेरा ‘चांगले’ असा नसावा, ‘११.१० ला उतरला, १२.०० ला ६८ अंश’ असा असावा. हेच निरीक्षण पंधरा दिवसांनी पुन्हा करावे, कारण पाठानंतरच्या पहिल्या दिवशी सगळेच नीट वागतात.

या सूचीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. हातांची स्वच्छता, गाळलेले पाणी, आजारी वाढपी यांची तपासणी तिच्यात नाही. त्यांचे पाठ वेगळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षणात दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे. सूची त्याच्याच हाती द्यावी.

उकाळलेल्या पाण्याला पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची मर्यादा मानणाऱ्या घरांना वस्तूला काळ असतो हे नव्याने सांगावे लागत नाही. भाताचा काळ फक्त दोन तासांचा आहे, एवढेच पातेल्यावर खडूने लिहायचे.