लाल ठिपका दिसतो, पण स्लाइड हलत नाही

गेल्या वसंतात बर्मिंगहॅममधील एका वैद्यकीय परिषदेत माझ्या परिचयाच्या एका मराठी डॉक्टरबाईंना बोलण्यासाठी बारा मिनिटे मिळाली होती. दोन वर्षांच्या कामाचे निष्कर्ष त्या मांडणार होत्या आणि त्यांच्या विभागाचे प्रमुख समोरच्याच रांगेत बसलेले होते. चौथ्या स्लाइडपाशी हातातील क्लिकर अडला. बटण दाबावे तर काहीच घडेना. पुन्हापुन्हा दाबल्यावर एकदम दोन स्लाइडा पुढे सरकल्या. संयोजकांनी धावत नव्या बॅटऱ्या आणून दिल्या, त्यांचाही उपयोग झाला नाही. या गडबडीत तीन मिनिटे गेली आणि ज्या आलेखासाठी सारा खटाटोप होता, तो त्यांना अर्ध्या मिनिटात उरकावा लागला.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी आम्ही तोच लॅपटॉप, तोच क्लिकर आणि तीच जोडणी पुन्हा मांडून बसलो. जे आढळले ते आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडावे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. क्लिकरचा रिसीव्हर, म्हणजे लॅपटॉपला खोचायचा तो नखाएवढा तुकडा, संगणकाच्या दृष्टीने एक साधा कीबोर्ड असतो. पुढचे बटण दाबले की क्लिकर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर संदेश धाडतो आणि रिसीव्हर संगणकाला बहुधा एवढेच सांगतो की 'Page Down ही कळ दाबली गेली'. लेसरचा लाल ठिपका मात्र या व्यवहारात कुठेच नसतो. तो थेट क्लिकरमधील बॅटरीवर चालतो. म्हणून ठिपका दिसतो याचा अर्थ बॅटरी पूर्ण संपलेली नाही, इतकाच; संदेश पोहोचतो आहे, असा नव्हे. डॉक्टरबाई नेमक्या येथेच फसल्या होत्या. तालमीत ठिपका स्वच्छ दिसला, म्हणून क्लिकर ठीक आहे असे त्यांनी गृहीत धरले.

या माहितीतूनच पहिली कसोटी मिळते. क्लिकर अडला की लॅपटॉपवरील Page Down कळ दाबून पाहावी. तिनेही स्लाइड सरकली नाही, तर क्लिकर निर्दोष आहे. अशा वेळी कळ भलत्याच खिडकीत पोहोचत असते. सभा ऑनलाइनही चालू असताना कोणीतरी संदेश लिहिण्याच्या चौकटीत क्लिक केलेले असते आणि सादरीकरणाची खिडकी मागे पडलेली असते. स्लाइडवर एकदा माउसने क्लिक केले की काम भागते, मात्र त्या क्लिकने एक स्लाइड पुढे जाऊ शकते, तेवढे लक्षात ठेवावे. उलट, लॅपटॉपची कळ चालते पण क्लिकर चालत नाही, असे दिसले तर दोष हात आणि पोर्ट यांच्या दरम्यान कोठेतरी आहे.

तेथे पहिला संशय बॅटरीवर घ्यावा, कारण तो सर्वांत लवकर फिटतो. दोन बॅटऱ्या लागत असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात. एक जुनी आणि एक नवी असे करू नये. काही क्लिकरांत रिसीव्हर पोटातल्या खाचेत ठेवला की वीज आपोआप बंद होते, काहींत बाजूला बारीक खटका असतो. प्रवासात बॅगेत तो खटका 'चालू'कडे सरकला तर सभेच्या दिवशी बॅटरी रिकामी मिळते.

बॅटरी नवी असूनही क्लिकर जवळून चालतो आणि लांबून अडखळतो, तेव्हा रिसीव्हर कोणत्या पोर्टमध्ये आहे ते पाहावे. आमच्या प्रकरणाचा उलगडा येथेच झाला. नव्या पातळ लॅपटॉपला जुन्या आकाराचे यूएसबी पोर्ट नसल्याने डॉक्टरबाईंनी एक छोटा हब जोडला होता. त्यात प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल होती, चित्रफिती साठवलेली वेगवान बाह्य डिस्क होती आणि तिला अगदी खेटून क्लिकरचा रिसीव्हर. यूएसबी ३ जोडणीतून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते आणि तिच्या विद्युतसंकेतांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरातही पसरतो. इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक निबंधात हा परिणाम मोजून दाखवला होता. डिस्क व तिची केबल यांतून निसटणाऱ्या या गोंगाटात शेजारच्या रिसीव्हरला क्लिकरचा क्षीण संदेश ऐकू येईनासा होतो.

घरी आम्ही हे पडताळून पाहिले. डिस्क जोडलेली असताना लॅपटॉपपासून एका मीटरवर क्लिकर बिनचूक चालत होता. तीन मीटरवर तो अडखळू लागला आणि वक्त्याने लॅपटॉपकडे पाठ केली की पुरता थांबला, कारण माणसाचे शरीरही या लहरी अडवते. डिस्क काढताच खोलीच्या दुसऱ्या टोकावरून प्रत्येक दाब पोहोचला. डिस्क पुन्हा जोडली, पण रिसीव्हर अर्धा मीटर लांबीच्या साध्या यूएसबी २ जोडकेबलच्या टोकाला लावून टेबलाच्या कडेवर ठेवला, तरीही क्लिकर चालला. परिषदेत तालीम लॅपटॉपशेजारी उभे राहून झाली होती आणि भाषण पाच मीटर दूर, व्यासपीठाच्या मध्यावरून. नव्या बॅटऱ्यांनी फरक का पडला नाही, हे आता उघड झाले.

राहता राहिली पुनर्जोडणी. ती शेवटी करावी, कारण तिची गरज क्वचित पडते आणि ती अर्धवट राहिली तर होते तेही हातचे जाते. रिसीव्हर व क्लिकर यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या क्लिकरांचे रिसीव्हर एकमेकांना ओळखत नाहीत; सभागृहात दोन वक्त्यांचे रिसीव्हर अदलाबदल झाले तर दोघेही अडतात. म्हणून दोन्हींवर एकाच रंगाचा कागद चिकटवावा. काही नमुन्यांत रिसीव्हर खोचून क्लिकरवरील ठरावीक दोन बटणे काही सेकंद दाबून धरल्यास जोडी पुन्हा जुळते. ती बटणे प्रत्येक नमुन्यात वेगळी असतात, तेव्हा माहितीपत्रकाच्या त्या पानाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. काही नमुन्यांत ही सोयच नसते. तेथे रिसीव्हर हरवला की क्लिकरही निकामी होतो.

ब्लूटूथवर चालणाऱ्या क्लिकरची गोष्ट निराळी. तो पूर्वीच्या, म्हणजे घरच्या लॅपटॉपलाच चिकटून राहिलेला असू शकतो. तो लॅपटॉप बॅगेत जागा असेल तर आधी त्याचे ब्लूटूथ बंद करावे. तेवढ्याने भागले नाही तर विंडोजमध्ये Settings उघडून Bluetooth & devices येथे त्या क्लिकरच्या नावासमोर Remove device निवडावे आणि Add device ने तो नव्याने जोडावा. हे काम भाषणाला दहा मिनिटे उरली असता हाती घेऊ नये.

डॉक्टरबाई आता सभागृहात लवकर पोहोचतात, डिस्कसह सर्व केबली जोडतात आणि जेथून बोलायचे त्याच जागी उभ्या राहून, लॅपटॉपकडे पाठ करून, वीस वेळा बटण दाबतात. एकही दाब चुकला तर रिसीव्हर जोडकेबलवर जातो. तरीही शंका उरली, तर क्लिकर बॅगेत ठेवून पहिल्या रांगेतील सहकाऱ्याला Page Down कळीपाशी बसवतात. जूनमधील भाषणात तो आलेख त्यांनी सावकाश, पूर्ण चार मिनिटे समजावून सांगितला.