कमाई कमी-जास्त, घराचा पगार ठरलेला

नोकरदाराच्या घरचे अंदाजपत्रक पगाराच्या आकड्यापासून सुरू होते. ज्या घरात ठरलेला पगार येत नाही, तिथे हा आकडा आधी तयार करावा लागतो. सगळी कमाई एका खात्यात साठवायची आणि त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चाला द्यायची, अशी ही पद्धत आहे. ही रक्कम म्हणजे घराचा पगार. तो किती असावा हे चालू महिन्याच्या कमाईवर नव्हे, तर मागच्या बारा महिन्यांच्या नोंदीवर ठरते.

उदाहरणासाठी नाशिकमध्ये भाड्याने राहणारे एक तरुण जोडपे घेऊ. तो लग्नाचे फोटो काढतो, ती घरी शिकवण्या घेते. चातुर्मासात लग्ने जवळपास थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हे त्यांचे तंगीचे महिने. मदतनिसाची मजुरी, प्रवास, अल्बमची छपाई असा धंद्याचा खर्च वजा जाता दोघांच्या हाती आलेली रक्कम अशी:

| महिना | कमाई (रु.) | महिना | कमाई (रु.) |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर | ४८,००० | मे | ७४,००० |
| डिसेंबर | ६६,००० | जून | ४०,००० |
| जानेवारी | ५०,००० | जुलै | २४,००० |
| फेब्रुवारी | ५८,००० | ऑगस्ट | २२,००० |
| मार्च | ३८,००० | सप्टेंबर | २०,००० |
| एप्रिल | ६२,००० | ऑक्टोबर | २६,००० |

वर्षाची बेरीज ५,२८,००० रुपये, म्हणजे महिन्याची सरासरी ४४,०००. तेवढाच पगार ठरवला तर ऑक्टोबरअखेर साठवणीच्या खात्यात शून्य उरते, आणि वर्षात एक जरी ऑर्डर रद्द झाली तरी शेवटचा महिना उधारीवर काढावा लागतो. म्हणून पगार सरासरीच्या खाली ठेवतात. या जोडप्याने तो ३८,००० ठरवला. आता जुलैपासूनच्या चार महिन्यांत कमाईपेक्षा अनुक्रमे १४, १६, १८ आणि १२ हजार जास्त लागतील, म्हणजे एकूण ६०,०००. नोव्हेंबर ते जून या काळात पगार देऊन १,३२,००० रुपये मागे पडतात. त्यातून तूट भरून निघते आणि वर्षाअखेर ७२,००० शिल्लक राहतात.

घराचा पगार पाच गटांत वाटला जातो. गटांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पैसे कमी पडले तर कपात खालून वर होते.

| गट | तपशील | रुपये |
|---|---|---|
| १. रोजची गरज | भाडे ११,०००, किराणा, दूध, भाजी ९,०००, वीज, गॅस, मोबाइल २,२००, पेट्रोल १,५००, औषधे ८०० | २४,५०० |
| २. हप्ते | दुचाकी | ४,००० |
| ३. वर्षाचे खर्च | बारावा हिस्सा | ३,००० |
| ४. अडीनडीची बचत | वेगळ्या खात्यात | ३,००० |
| ५. ऐच्छिक | आईवडिलांना १,५००. कपडे, बाहेर खाणे २,००० | ३,५०० |
| एकूण | | ३८,००० |

बहुतेक अंदाजपत्रके तिसऱ्या गटापाशी फसतात. आरोग्य विम्याचा हप्ता १५,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००, दिवाळी १२,००० आणि आहेर ३,००० हे खर्च दर महिन्याला दिसत नाहीत, पण वर्षात येतातच. त्यांची बेरीज ३६,००० होते, म्हणून दरमहा ३,००० बाजूला पडतात. दिवाळी तंगीच्या महिन्यांच्या शेवटी येत असल्याने हा हिस्सा चुकवला तर नेमका तेव्हाच हात आखडतो.

चौथा गट आणि साठवणीचे खाते यांची गल्लत होता कामा नये. सप्टेंबरमध्ये कमाई घटणार हे आधीपासून माहीत असते, त्यामुळे ती अडीनडी नव्हे आणि तिची सोय साठवणीतून होते. कॅमेरा पडून बिघडणे किंवा दवाखान्यात भरती व्हावे लागणे ही अडीनडी, आणि चौथा गट तिच्यासाठीच राखलेला असतो.

महिना प्रत्यक्षात कसा चालतो हे ऑगस्टवरून कळते. १ तारखेला ३८,००० रुपये घरखर्चाच्या खात्यात जातात. यूपीआय फक्त याच खात्याला जोडलेले असते, त्यामुळे भाजी घेताना साठवणीला हात लागत नाही. श्रावणातले उपवास आणि सणांमुळे किराणा ९,००० ऐवजी ९,७०० वर गेला. पेट्रोलचे ३०० वाचले होते, ते तिकडे वळवले. उरलेले ४०० पाचव्या गटातून काढले, म्हणजे एकदा बाहेर जेवायला जाणे टळले. वहीत ‘ठरलेले’ आणि ‘झालेले’ असे दोन रकाने असतात. जास्तीचा खर्च कोणत्या गटातून भरला, हे त्याच दिवशी लिहिले जाते. त्या महिन्यात कमाई २२,००० झाली. साठवणीत १६,००० ची घट झाली, पण घराच्या रोजच्या व्यवहारात ती जाणवली नाही.

लग्नाच्या धंद्यात एक सापळा असतो. डिसेंबरच्या लग्नाचा अ‍ॅडव्हान्स ऑगस्टमध्ये येतो आणि तंगीत तो कमाईसारखा भासतो. लग्न पुढे ढकलले किंवा मोडले तर ती रक्कम परत करावी लागू शकते. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत ती वहीत ‘अनामत’ म्हणून वेगळी लिहितात आणि साठवणीची शिल्लक मोजताना वजा करतात. अल्बमचे येणे बाकी असलेले पैसेही खात्यात जमा झाल्याशिवाय कमाईत धरत नाहीत.

गाडी रुळावर आहे की नाही, हे ३० जूनच्या शिल्लकेवरून कळते. अनामत वजा जाता त्या दिवशी किमान ६०,००० हवेत. त्याहून कमी असतील तर जुलैपासून चौथा आणि पाचवा गट थांबवून पगार ३१,५०० वर आणतात. तेवढ्या पगारात चार महिन्यांची तूट ३४,००० होते. शिल्लक ३४,००० च्याही खाली असेल तर केवळ काटकसरीने भागत नाही. जादा शिकवण्या घेणे किंवा वाढदिवस, बारशाची छोटी कामे घेणे हे पावसाळ्याआधीच ठरवावे लागते.

नवा हप्ता घ्यायचा का, याची कसोटी सर्वांत कमी कमाईचा महिना असतो. भाडे आणि हप्ते मिळून १५,००० होतात आणि सप्टेंबरची कमाई २०,००० आहे, म्हणून सध्याचा हप्ता झेपतो. मे महिन्यातले ७४,००० पाहून आणखी ६,००० चा हप्ता घेतला तर ही बेरीज २१,००० होते आणि घर सप्टेंबरमध्ये अडकते.

ही पद्धत हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे नोव्हेंबरमध्ये सुरू करणे सोपे असते. जुलैमध्ये सुरुवात करायची तर साठवण नसते. तोपर्यंत हाती येईल त्या रकमेतून गट क्रमाने भरायचे: आधी पहिला, मग दुसरा, आणि पैसे संपतील तिथे थांबायचे. खालचे गट त्या महिन्यापुरते रिकामे राहतात. पगाराचा आकडा नोव्हेंबरमध्ये साठवण सुरू झाली की ठरवायचा.

पगाराची फेरआखणी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर होते. नव्या बारा महिन्यांची सरासरी काढायची, भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असल्याने वाढलेले भाडे पहिल्या गटात घालायचे आणि ३० जूनला लागणारी रक्कम पुन्हा मोजायची. उरलेल्या ७२,००० पैकी काही नव्या लेन्ससाठी वापरायचे असतील तर तो निर्णयही याच वेळी घ्यायचा. मधल्या काळात कमाई कितीही वाढली तरी पगार तोच राहतो.