पंपाला नाव, तारेला पत्ता

नदीकाठी एक जॅकवेल आहे, म्हणजे नदीचं पाणी ज्यात उतरतं ती खोल विहीर. तिच्यावर तीन पंप बसवलेत. दोन चालायचे, एक राखीव. प्रत्येक पंपाच्या पुढे पाइपावर विजेच्या मोटरने उघडमीट होणारा एक व्हॉल्व्ह आहे आणि तिथून पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं. गावाला पाणी पुरवणाऱ्या योजनांमध्ये ही मांडणी नेहमीची. आता ठरलं, की हे पंप ऑपरेटरने बटण दाबून नव्हे, तर पीएलसीने चालवायचे. पीएलसी म्हणजे उकाड्यात आणि धुळीत टिकणारा छोटा औद्योगिक संगणक. तारांमधून त्याच्याकडे खबर येते आणि तारांमधूनच तो हुकूम सोडतो.

अशा कामात प्रोग्रॅम लिहिण्याआधी आणि पॅनेल बनवायला देण्याआधी एक तक्ता करावा लागतो. त्याला आयओ लिस्ट म्हणतात. पीएलसीत येणारा प्रत्येक सिग्नल इनपुट, बाहेर जाणारा प्रत्येक सिग्नल आउटपुट, आणि एका सिग्नलला एक ओळ. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण या तक्त्यातला प्रत्येक रकाना हा कुणीतरी घ्यायचा निर्णय असतो. रकाना रिकामा राहिला तर तो निर्णय टळत नाही. तो काही महिन्यांनी साइटवर, घाईच्या वेळी, हातात स्क्रू ड्रायव्हर असलेला वायरमन घेतो.

आधी मोजणी करू. सिग्नल मुख्यतः दोन जातींचे. एक ‘आहे किंवा नाही’ सांगणारा, म्हणजे डिजिटल. पंप चालू आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. दुसरा ‘किती’ ते सांगणारा, म्हणजे अ‍ॅनालॉग. विहिरीत पाणी किती मीटर आहे, हे त्यातून कळतं.

एका पंपाकडून चार खबरी हव्यात: पॅनेलवरचा स्विच ‘रिमोट’वर आहे का, पंप चालू आहे का, ओव्हरलोडने ट्रिप झालाय का आणि पंपाशेजारचं आणीबाणीचं बटण दाबलंय का. त्याला हुकूम एकच, चालू राहा. व्हॉल्व्हकडूनही चार खबरी: पूर्ण उघडला, पूर्ण मिटला, मध्येच अडकून ट्रिप झाला, आणि त्याचाही स्विच रिमोटवर आहे. त्याला हुकूम दोन, उघड आणि मिट. शिवाय पंपाची मोटर किती करंट घेते हा एक अ‍ॅनालॉग सिग्नल. म्हणजे पंप-व्हॉल्व्हच्या एका जोडीमागे ८ डिजिटल इनपुट, ३ डिजिटल आउटपुट आणि १ अ‍ॅनालॉग इनपुट. तीन जोड्यांचे झाले २४, ९ आणि ३.

यात सामाईक गोष्टी मिळवायच्या. विहिरीची पातळी, मुख्य पाइपातला दाब आणि प्रवाह हे तीन अ‍ॅनालॉग. पाणी फारच खाली गेलं हे सांगणारा फ्लोट स्विच, वीजपुरवठा ठीक असल्याची खूण आणि भोंगा बंद करायचं बटण हे तीन डिजिटल इनपुट. आणि भोंगा हा एक आउटपुट. बेरीज: २७ डिजिटल इनपुट, १० डिजिटल आउटपुट, ६ अ‍ॅनालॉग इनपुट.

पीएलसीची कार्डं सुटे सिग्नल घेत नाहीत. ती सहसा ८ किंवा १६ चॅनेलांची येतात. २७ इनपुटांना १६ ची दोन कार्डं पुरतात आणि ५ चॅनेल उरतात. पण बहुतेक निविदांमध्ये २० टक्के चॅनेल मोकळे ठेवण्याची अट असते. २७ च्या २० टक्के म्हणजे ५.४, म्हणजे ६ मोकळे हवेत. एका चॅनेलासाठी तिसरं कार्ड आलं! हे पॅनेल बनल्यावर लक्षात आलं तर त्यात कार्डाला जागा नसते. आधी लक्षात आलं तर मात्र त्याचा फायदाच करून घेता येतो. तिन्ही कार्डांवर एकेका जोडीचे ८ सिग्नल आणि एकेक सामाईक सिग्नल ठेवायचा. मग एक कार्ड बिघडलं तरी एकाच पंपाची खबर जाते, उरलेले दोन पंप गावाला पाणी देत राहतात. पहिल्या दोन पंपांचे सिग्नल एकाच कार्डावर कोंबले असते, तर ते दोन्ही एकदम गेले असते. आउटपुटसाठीही १६ चं एक कार्ड घेण्यापेक्षा ८ ची दोन घेणं याच कारणाने बरं.

आता रकान्यांकडे वळू. वर्णन, सिग्नलची जात, कार्ड आणि चॅनेल हे रकाने सगळेच भरतात. दोन रकाने मात्र वारंवार रिकामे राहतात आणि पुढचा बराचसा त्रास तिथूनच निघतो.

पहिला रकाना: ‘१ म्हणजे काय?’ फ्लोट स्विचचं उदाहरण घ्या. पाणी खाली गेल्यावर त्याचा संपर्क जुळावा की तुटावा? दोन्ही करता येतं. समजा, पाणी खाली गेल्यावर जुळतो असं ठेवलं. एक दिवस उंदराने केबल कुरतडली. आता पाणी संपलं तरी पीएलसीला काहीच कळणार नाही आणि पंप कोरडा चालून त्याचे भाग जळतील. उलट, पुरेसं पाणी असताना संपर्क जुळलेला ठेवला तर केबल तुटताच १ चा ० होतो आणि पंप थांबतो. नाहक थांबेल, पण वाचेल. म्हणून संरक्षण देणारा सिग्नल ‘सगळं ठीक’ असताना १ असावा. आणीबाणीच्या बटणालाही हेच लागू. हा निर्णय तक्त्यात लिहिला नाही, तर प्रोग्रॅम लिहिणारा एक अर्थ धरतो आणि वायरिंग करणारा दुसरा.

दुसरा रकाना: मोजपट्टी. पातळी मोजणारं उपकरण ४ ते २० मिलीअँपिअर करंट पाठवतं. तळाला ४, माथ्याला २०. शून्यासाठी ४ ठेवण्यात शहाणपण आहे: करंट ३.६ च्याही खाली गेला, तर पाणी संपलं नसून तार तुटली किंवा उपकरण बिघडलं, हे ओळखता येतं. पण माथा म्हणजे किती मीटर? समजा, पुरवठादाराने उपकरण ० ते १० मीटरवर बेतून पाठवलं आणि प्रोग्रॅममध्ये विहिरीच्या खोलीवरून ० ते १२ लिहिलं गेलं. उपकरणाने १२ मिलीअँपिअर पाठवले, म्हणजे खरं पाणी ५ मीटर. पडद्यावर मात्र ६ दिसतील. पंप थांबवायची मर्यादा २ मीटर असेल, तर तो प्रत्यक्षात १.६७ मीटरवर थांबेल. ही चूक चाचणीतही निसटते. विहीर रिकामी असताना दोन्ही शून्यच दाखवतात. इंजिनिअर कॅलिब्रेटरने १२ मिलीअँपिअर सोडतो, पडद्यावर अपेक्षेप्रमाणे ६ येतात आणि तो बरोबरची खूण करतो. कारण त्याने तार आणि प्रोग्रॅम तपासलेले असतात, उपकरण नाही. ही चूक सापडते ती विहिरीत टेप सोडून पाणी मोजल्यावर, किंवा मोजपट्टीचा रकाना उपकरणाच्या डेटाशीटशी ताडून पाहिल्यावर. दुसरा मार्ग ऑफिसात बसून जमतो.

राहिला नावांचा प्रश्न. प्रत्येक सिग्नलच्या नावाला टॅग म्हणतात. एकच टॅग ड्रॉइंगवर, प्रोग्रॅममध्ये, ऑपरेटरच्या पडद्यावर आणि उपकरणाला टांगलेल्या पट्टीवर दिसायला हवा. मोजमापाच्या उपकरणांसाठी आयएसए ५.१ हे अमेरिकन मानक जगभर चालतं. त्याचं मूळ १९४९ सालचं. त्यात पहिलं अक्षर काय मोजतो ते सांगतं: L म्हणजे पातळी, P दाब, F प्रवाह. पुढची अक्षरं काम सांगतात: T म्हणजे मोजून कळवणारा ट्रान्समीटर, S म्हणजे स्विच. `LSLL` म्हणजे पातळी अतिशय खाली गेल्याचं सांगणारा स्विच. यापुढे क्रमांक येतो. त्यातला पहिला आकडा विभागाला दिला तर सोय होते: १०० चे जॅकवेलचे, २०० चे शुद्धीकरण केंद्राचे.

इथे एक बारीक अडचण येते. ड्रॉइंगवर `P-101` लिहायची पद्धत आहे. पण पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक नावात अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालवतं, आणि नावाची सुरुवात आकड्याने होऊ देत नाही. मधली आडवी रेघ प्रोग्रॅम वजाबाकी समजतो. म्हणून ‘ड्रॉइंगवर रेघ, प्रोग्रॅममध्ये त्याच जागी अंडरस्कोअर’ असा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचा. मग आपल्या यादीच्या काही ओळी अशा दिसतील:

```
TAG          TYPE  1 MEANS / RANGE  CARD.CH
P_101_RUN    DI    RUNNING          DI1.01
P_101_CMD    DO    RUN              DO1.00
P_102_RUN    DI    RUNNING          DI2.01
LSLL_101_OK  DI    LEVEL OK         DI1.08
LT_101       AI    0-10 m           AI1.00
```

फ्लोट स्विचच्या टॅगमागचं `OK` पाहा. १ म्हणजे ठीक, हे नावातच आलं. रात्री दोन वाजता प्रोग्रॅम उघडणाऱ्याला तक्ता शोधावा लागत नाही.

आणि टॅगमध्ये काय नाही, तेही पाहा. कार्डाचा पत्ता नाही. काही जण `DI1_08_LEVEL` अशी नावं देतात, कारण वायरिंग करताना ती सोपी वाटतात. पुढे कधीतरी ते चॅनेल जळतं, तार मोकळ्या चॅनेलवर हलवली जाते आणि त्या दिवसापासून ते नाव खोटं सांगू लागतं. नाव यंत्राच्या कामावरून द्यायचं, पत्ता शेजारच्या रकान्यात ठेवायचा. मग पत्ता बदलला तरी एकच रकाना बदलतो. कंपनीचं नाव किंवा मॉडेल टॅगमध्ये घालायचं नाही, त्याचंही कारण हेच.

यादी गोठवण्याआधी ती तिघांनी आपापल्या कागदाशी ताडून पाहावी. प्रक्रियेच्या ड्रॉइंगवरचं प्रत्येक उपकरण यादीत आहे का, हे एकाने. मोटर पॅनेलच्या वायरिंगमध्ये तेवढे संपर्क खरोखर मोकळे आहेत का, हे दुसऱ्याने. ‘ट्रिप’चा संपर्क पॅनेलचा दिवा लावण्यात आधीच खर्च झालेला असतो, हे बऱ्याचदा इथेच कळतं. पीएलसीच्या २४ व्होल्टच्या आउटपुटला २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर कॉइल ओढायची असेल, तर मध्ये रिले धरलाय का, हे तिसऱ्याने. मग यादीवर आवृत्ती ० आणि तारीख घालून पॅनेल बनवायला सोडायचं. यानंतरचा प्रत्येक बदल नव्या आवृत्तीतच व्हावा आणि यादीची मूळ फाइल एकाच माणसाच्या ताब्यात राहावी. यादीतून तर्क कळत नाही. कुठला पंप आधी सुरू करायचा, व्हॉल्व्ह किती सेकंदांनी उघडायचा, हे वेगळ्या दस्तऐवजात जातं.

शेवटचा नियम रद्द झालेल्या टॅगचा. समजा, पुढे तिसरा पंप काढून टाकला. मग `P_103` ही ओळ पुसायची नाही, ‘रद्द’ असा शेरा मारून तशीच ठेवायची, आणि नव्या जागी नवा पंप आला तर त्याला `P_104` म्हणायचं. कारण जुन्या नोंदवह्यांत, अलार्मच्या इतिहासात आणि दुरुस्तीच्या बिलांत `P_103` या नावाखाली एका वेगळ्याच यंत्राची हकिगत लिहिलेली असते.