रात्रीचे आठ, पण कुठले?

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. 2024 मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झालं. अशा सोहळ्याचं तिकीट कुणी येता-जाता काढत नाही. मुलांच्या सुट्ट्या, विमानभाडं, हॉटेल असं सगळं जमवून, जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको मिळून ठरवतात. त्यामुळे तिकिटाची जाहिरात दिसायला हवी ती रात्री आठ ते दहाच्या दरम्यान.

पण आठ कुठले? सॅन होजेत आठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत अकरा वाजलेले असतात आणि घर झोपायला निघालेलं असतं. न्यू जर्सीचे आठ धरले, तर सॅन होजेत पाच वाजलेले असतात, म्हणजे माणसं अजून ऑफिसात किंवा रस्त्यावर.

त्याहून मोठा घोळ जाहिरातीच्या खात्यात दडलेला असतो. पोस्टर पुण्यातला कुणी स्नेही करून देतो आणि फेसबुकच्या जाहिराती तोच आपल्या खात्यातून सोडतो. त्या खात्याचं घड्याळ भारताचं. तिथे रात्री आठ ही वेळ भरली, की उन्हाळ्यात न्यू जर्सीत जाहिरात सकाळी साडेदहाला सुरू होते आणि सॅन होजेत साडेसातला, मुलांचे डबे भरायच्या गडबडीत. लोक पाहतात, लाइकही करतात, पण तिकीट काढत नाहीत. मग दोष पोस्टरला दिला जातो.

यावर उपाय फेसबुकमध्येच आहे. रोजच्या बजेटऐवजी पूर्ण मुदतीचं बजेट निवडलं, की जाहिरातीचे तास ठरवता येतात. तिथेच खात्याच्या घड्याळाऐवजी पाहणाऱ्याच्या घड्याळाने चालवायचा पर्याय मिळतो. गूगलच्या जाहिरातींत तास खात्याच्याच घड्याळाने धरले जातात. म्हणून तिथे पूर्व किनारा, मध्य भाग आणि पश्चिम किनारा यांच्यासाठी वेगवेगळ्या मोहिमा कराव्या लागतात. शिवाय खातं भारतातलं असेल, तर मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात तेव्हा गूगलमधले तास पुन्हा तपासायला हवेत, कारण भारताचं घड्याळ जागचं हलत नाही.

सवलतीची शेवटची रात्र मला सगळ्यात नाजूक वाटते. 'सवलत 31 मार्च रात्री बारापर्यंत' एवढंच लिहिलं, तर 30 तारखेची मध्यरात्र की 31ची, इथपासून गोंधळ सुरू होतो. '31 मार्च, रात्री 11:59, कॅलिफोर्नियाची वेळ' असं लिहावं आणि तिकिटाचं पानही त्याच मिनिटाला बंद होईल असं लावून घ्यावं. नाहीतर न्यू जर्सीतलं कुटुंब त्यांच्या बाराच्या पाच मिनिटं आधी कार्ड काढून बसतं आणि पानावर दर वाढलेला दिसतो. अशी माणसं चिडून मंडळाच्या स्वयंसेवकांना फोन करतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच असतं.

सगळं नीट लागलंय का, हे आठवड्याने अहवालात कळतं. फेसबुकच्या अहवालात पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे तासवार आकडे काढता येतात. सर्वाधिक खर्च पहाटे किंवा दुपारी झालेला दिसला, तर पोस्टर बदलण्याआधी खात्याची वेळ पाहावी.