अभ्यास पहाटे की रात्री?

सभा आटोपून निघालो, की साताऱ्यात काय नि सांगलीत काय, कामगार आईबाप आम्हांस एकच विचारतात : पोराने पहाटे उठावे की रात्री जागावे? आम्ही म्हणतो, आधी पेपराची वेळ पाहा.

या दोन्ही जिल्ह्यांतील मुले कोल्हापूर विभागीय मंडळाच्या परीक्षेस बसतात. सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो. पहाटे ताजातवाना असणाऱ्यास काहीच बदलावे लागत नाही. पण रात्री दीडला निजून साडेनऊला उठणाऱ्यास त्या दिवशी सातला उठावे लागते. झोप साडेपाच तासच होते. हा आळस नव्हे. त्या वयात शरीराचे घड्याळच उशिरा चालते. म्हणून वर्षभर रात्री अभ्यास खुशाल करावा. मात्र परीक्षेआधी तीन आठवडे, दर दोन दिवसांनी, निजणे व उठणे अर्धा तास अलीकडे आणावे. सहा टप्प्यांत, म्हणजे १२ दिवसांत, साडेदहाला निजून साडेसहाला उठणे जमते. उठताच उजेडात जावे. शरीराचे घड्याळ त्यानेच लागते. पुढे रोज ११ वाजता जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. पहिल्या तासात जांभया आल्या नाहीत, तर वेळ जुळली म्हणावे.

दुपारपाळी करून मध्यरात्री घरी येणाऱ्या कामगार-विद्यार्थ्यास हे साधणार नाही. त्याने तीन आठवडे सकाळची पाळी मागावी. ही मागणी सवलतीची नव्हे, झोपेची आहे.