सुतक नसलेले दुःख

जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा 57 माणसे बेपत्ताच होती. त्यांच्या आप्तांना मृत्यूची खात्री बुद्धीने पटत असेलही. पण डोळ्यांनी पाहिलेले काहीच नव्हते. अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अशा दुःखाला नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘अनिश्चित वियोग’ म्हणू. त्याचाच दुसरा प्रकार त्यांनी सांगितला: माणूस समोर बसलेला आहे, पण मनाने निघून गेला आहे. हा प्रकार मला कांदिवलीतील माझ्या दवाखान्यात वारंवार भेटतो.

एक सत्तरीच्या बाई झोप लागत नाही म्हणून आल्या. मी गोळी लिहून दिली. तिसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, “डॉक्टर, काल हे मला म्हणाले, बाई, आमची मंडळी अजून कशी आली नाहीत?” तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. यजमानांना अल्झायमर होऊन पाच वर्षे झाली होती. बाईंचे वैधव्य सुरू झाले होते, आणि कपाळावर कुंकू होते.

आपल्याकडे मृत्यूनंतर दहावे-तेरावे असते, माणसे भेटायला येतात, स्वयंपाकही शेजारचे पाहतात. इथे कोणीच येत नाही. शिवाय एखाद्या सकाळी यजमान अचानक बायकोला नावाने हाक मारतात, आशा पालवते आणि दुपारी पुन्हा मावळते. तोच वियोग नव्याने सोसावा लागतो. म्हणून हे दुःख शेवटास जात नाही. त्यात मनाचा दुबळेपणा नाही. “एकदाचे सुटावेत” असा विचार मनात येऊन त्याची लाज वाटणे, हेही मी अनेकांकडून ऐकले आहे.

बॉस यांचे सांगणे असे की, ‘आहेत की नाहीत’ हा हट्ट सोडून ‘आहेतही आणि नाहीतही’ असे म्हणावे. बाईंनी यजमानांना “अहो, मीच ती” असे पटवणे थांबवले. “येतील हं, तोवर चहा घ्या,” असे त्या म्हणू लागल्या. लग्नाच्या वाढदिवशी मात्र त्यांनी धाकट्या बहिणीला बोलावले, जुने फोटो काढले आणि मनसोक्त रडून घेतले.

आपल्या घरी असे असेल, तर एक फरक ध्यानात ठेवा. या दुःखाच्या लाटा येतात. मधल्या काळात नातवंडांशी हसता येते. परंतु दोन आठवडे बहुतेक वेळ कशातच मन रमत नसेल, भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य आहे. त्यावर उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी.

बाई अजूनही येतात, आता बहुधा यजमानांच्या औषधांसाठी. परवा म्हणाल्या, “आज मला त्यांनी ‘ताई’ म्हटले. बरे वाटले.”