फोनवरचं ऐकणं – लेखांक ७ : राग आणि रडणं नोंदीत किती ठेवायचं?

गेल्या आठवड्यात आपण फोनवरच्या नोंदीतला सोपा भाग पाहिला : नाव, गाव, तालुका, परत फोन करायचा नंबर. आज अवघड भाग. फोन करणारा माणूस चिडलेला असतो किंवा रडत असतो, बोलणं दहा-बारा मिनिटं चालतं आणि त्याचा सारांश पाच-सहा ओळींत लिहायचा असतो. तो वाचणार असतो दुसराच कोणी : पुढच्या पाळीचा समुपदेशक, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ, कधी गावातली आशाताई. त्यांनी तो आवाज ऐकलेला नसतो. मग त्या आवाजातलं किती त्यांच्यापर्यंत पोचवायचं? यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे शासनाने २०१५मध्ये ज्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत यवतमाळ होतं. खचलेली माणसं घरोघर ओळखून उपचारापर्यंत नेण्याचं काम आशांकडे आलं. १० ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही देशभराची सेवाही चालू आहे. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने पुढचं करायचं, अशी ही साखळी आहे, आणि तिचे दुवे नोंदीने जोडलेले असतात.

एक कल्पित फोन घेऊ. घाटंजी तालुक्यातला बेचाळीस वर्षांचा शेतकरी, वेळ रात्री नऊची. पहिली सात मिनिटं तो मोठमोठ्याने बोलतो : विम्याचे पैसे आले नाहीत, आले असते तरी बँकेने कर्जात वळते करून घेतले असते, कोणी दाद देत नाही. समुपदेशक मधेच विचारते, “घरी कोण कोण आहे, दादा?” आवाज एकदम उतरतो. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग तो म्हणतो, “बायको पोरायले घेऊन माहेरी गेली. बरंच झालं. आता माह्यं इथं काही काम नाही.” पुढे विम्याचं नावही तो काढत नाही. उलट “तुमाले लई तरास देल्ला” म्हणून माफी मागतो आणि फोन ठेवायला निघतो. ती त्याला थांबवते आणि पुढचे प्रश्न थेट विचारते.

या फोनची नोंद तीन प्रकारे होऊ शकते. पहिली कोरडी : “शेतकरी, पुरुष, ४२. पीकविमा व कर्जाबाबत तक्रार. समुपदेशन केले. संबंधित कार्यालयाशी संपर्क साधण्यास सांगितले.” यात खोटं काहीच नाही, पण वाचणारा हा कागद कृषी कार्यालयाच्या ढिगात टाकेल. दुसरी भडक : “अत्यंत संतप्त, अरेरावीची भाषा. नंतर भावनाविवश झाले.” ही वाचून पुढचा माणूस बचावाच्या तयारीने फोन करेल, आणि नेमकं काय झालं ते त्यालाही कळणार नाही. तिसरी अशी : “पहिली सात मिनिटं विमा-बँकेवर मोठ्या आवाजात; माझ्यावर राग नव्हता. घरी कोण आहे विचारल्यावर आवाज उतरला, बराच वेळ शांत. मग त्यांच्या शब्दांत : ‘बायको पोरायले घेऊन माहेरी गेली. बरंच झालं. आता माह्यं इथं काही काम नाही.’ त्यानंतर विम्याचा विषय नाही. माफी मागून फोन ठेवू पाहत होते. मरणाचे विचार येतात का विचारलं : ‘येतात.’ आज काही करायचं ठरवलंय का : थोडं थांबून ‘नाही.’ घरात फवारणीचं औषध आहे. भावाकडे ठेवायला तयार. भावाशी बोलणं झालं, तो आज रात्री सोबत थांबेल. उद्या सकाळी आठला परत फोन.”

तिसऱ्या नोंदीत ‘संतप्त’, ‘हताश’, ‘भावनाविवश’ यांपैकी एकही विशेषण नाही. तरी त्या माणसाचा सूर तिच्यातच सर्वांत जास्त उतरला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : सूर किती तीव्र होता हे लिहू नका, तो कुठे बदलला, कशावरून बदलला आणि त्या क्षणी माणूस नेमकं काय बोलला, हे लिहा. तीव्रता फसवी असते. सात मिनिटांचा आरडाओरडा हा त्या फोनमधला सर्वांत मोठा आवाज होता, पण धोका त्यानंतरच्या शांततेत होता. चिडलेला माणूस अजून काही मागत असतो, समोरच्याकडून त्याला अजून अपेक्षा असते. मागणं एकाएकी थांबलं आणि तो निरवानिरवीचं बोलू लागला, तर थेट विचारायची वेळ आलेली असते. बदल टिपला तरच हे पुढच्या माणसाला दिसतं.

हा विचार नवा नाही, आपल्या न्यायालयांत तो जुनाच आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २८० सांगत होतं की साक्षीदाराच्या वागण्याबद्दल जे शेरे महत्त्वाचे वाटतील, ते न्यायाधीशाने साक्षीसोबत नोंदवावेत. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. त्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. शेरा साक्षीत मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा. आणि सगळं वागणं उतरवायचं नाही, महत्त्वाचं तेवढंच. वरच्या न्यायालयापुढे साक्षीदार उभा नसतो, कागद असतो. म्हणून ज्याने पाहिलं त्याच्यावर ही जबाबदारी टाकली आहे. फोन ऐकणाऱ्याची जागा तीच आहे.

विशेषण का टाळायचं, यालाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिकलसेलच्या एका कल्पित रुग्णाची नोंद त्यांनी दोन प्रकारे लिहिली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना वाचायला दिली. वैद्यकीय माहिती दोन्हींत तीच. एकीची भाषा तटस्थ, दुसरीत रुग्णाविषयी नाराजी आणि संशय सुचवणारे शब्द. ज्यांनी दुसरी वाचली, त्यांचं रुग्णाबद्दलचं मत अधिक वाईट झालं आणि वेदनेवरचा उपचारही त्यांनी कमी जोरकस सुचवला. रुग्ण त्यांनी पाहिलेलाच नव्हता. आधीच्या माणसाचं मत कागदावरून त्यांच्यापर्यंत पोचलं. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजात, बरेच आहेत, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला लांबचं नाही. ‘उद्धट’ हा शब्द अशा नोंदीत गेला की वर्णन संपतं आणि तो पुढच्या माणसाला दिलेला इशारा होतो.

यवतमाळला याची आणखी एक बाजू आहे. २०१७च्या खरिपात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणीच्या औषधांतला एक मोठा गट ऑर्गनोफॉस्फेटचा. त्याची बाधा झाली की डोळ्यांतून पाणी येतं, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, स्नायू थरथरतात, माणूस बेचैन होतो आणि बोलणं भरकटतं. फोनवर डोळे दिसत नाहीत. ऐकू येतं ते एवढंच : नाक ओढत, अडखळत, असंबद्ध बोलणारा माणूस. ऐकणाऱ्याने “खूप रडत होता, दारू प्यायलेला वाटला” असं लिहिलं, तर दोन अंदाज निरीक्षण म्हणून कागदावर गेले आणि १०८ला फोन करायची वेळ निघून गेली. “शब्द अडखळत होते, श्वास लागलेला, प्रश्नाला भलतंच उत्तर” असं लिहिलं, तर वाचणारा पहिला प्रश्न विचारेल : आज फवारणी केली का? किंवा औषध पोटात गेलं का? म्हणून कानाने ऐकलेलं लिहावं. त्याचं कारण वाटलं तर वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणून लिहावं.

यावर एक आक्षेप असा की सूर लिहिणं हेच मुळी मत लिहिणं आहे; आवाज ‘उतरला’ की नाही, हे ऐकणाराच ठरवतो. हे खरं आहे. पण सूर गाळणं हेही मतच आहे. कोरड्या नोंदीने तो फोन विम्याचा होता असं ठरवून टाकलं होतं. निवड दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की बदलाची जागा आणि माणसाचे शब्द दिले, तर वाचणाऱ्याला आपलं वेगळं मत बनवता येतं. शब्दही होते तसे द्यावेत. ‘माह्यं इथं काही काम नाही’ याचं ‘निरर्थकतेची भावना व्यक्त केली’ असं केलं, की त्यातला ‘इथं’ गळतो आणि नेमका धोका त्या ‘इथं’मध्ये होता. कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्यासाठी नातेवाईक मधे बोलत असेल, तर शब्द कोणाचे हे लिहिलंच पाहिजे. सांगणाऱ्याचा धीर किंवा भीती त्यात मिसळलेली असू शकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आशाताई त्याच गावची असते. माणूस रात्री फोनवर रडला, हे तिच्या हातातल्या कागदावर आलं तर ते गावभर व्हायला वेळ लागत नाही, आणि मग तो पुन्हा फोन करणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. जिवावरचा धोका टाळण्यासाठी माहिती द्यावी लागली, तरी ती गरजेपुरतीच. म्हणून एकाच फोनच्या दोन नोंदी व्हायला हव्यात. वरची तिसरी नोंद मानसोपचारतज्ज्ञासाठी. आशाताईसाठी इतकंच : “घरी एकटे आहेत. उद्या दुपारी भेट द्या. फवारणीचं औषध भावाकडे ठेवलं का, ते भावालाच विचारा.” आवाज उतरल्याचं नाही, बायको माहेरी गेल्याचं नाही, विम्याचा रागही नाही. तिने जे करायचं आहे ते यातल्या कशाने बदलत नाही.

किती ठेवायचं, याचं मापही यातूनच मिळतं. नोंद लिहून झाली की सुराबद्दलच्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवावं आणि विचारावं : हे खोडलं तर वाचणारा वेगळं काही करेल का? करणार नसेल, तर खोडावं. उरलेल्याला दुसरी कसोटी. पोलिसांत तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी, असं कायदा सांगतो. आपली नोंद फोन करणाऱ्याला वाचून दाखवली, तर “हो, मी असंच बोललो” असं तो म्हणेल का? ‘अरेरावीची भाषा’ या कसोटीत पडते. ‘पहिली सात मिनिटं मोठ्या आवाजात, माझ्यावर राग नव्हता’ हे टिकतं. मर्यादाही लक्षात असावी : काही माणसांचा सूर शेवटपर्यंत बदलतच नाही, सपाट आवाजात सगळं सांगून ते फोन ठेवतात. तिथे सुरातून काही मिळणार नाही. म्हणून मरणाच्या विचारांबद्दलचा थेट प्रश्न सुरावर अवलंबून ठेवायचा नाही. विचारायचाच, आणि उत्तर शब्दशः लिहायचं. तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, हे पुढच्या आठवड्यात.